यकृत कार्य चाचणीचा अहवाल : कावीळ झालेल्या रुग्णासाठी अर्थ

यकृत कार्य चाचणी म्हणजे रक्ताच्या एकाच नमुन्यावर केल्या जाणाऱ्या अनेक तपासण्यांचा गट होय. बोलीभाषेत तिला 'लिव्हरची तपासणी' किंवा 'एलएफटी' असे म्हणतात. कावीळ झालेल्या जवळजवळ प्रत्येक रुग्णाची ही चाचणी केली जाते. तिच्या अहवालात बिलिरुबिन, अल्कलाईन फॉस्फटेज, एसजीपीटी, एसजीओटी, अल्ब्युमिन अशी नावे असतात. मर्यादेबाहेरचा आकडा ठळक छापलेला असतो किंवा त्यापुढे खूण केलेली असते. रुग्णाची नजर सर्वांत मोठ्या आकड्यावर जाते आणि तोच सर्वांत धोक्याचा असावा असे त्याला वाटते. प्रत्यक्षात तसे असेलच असे नाही.

अहवालातील नावे चार साध्या प्रश्नांची उत्तरे देतात. पिवळेपणा किती आहे? पित्तरसाची वाट अडली आहे का? यकृताच्या पेशींना इजा झाली आहे का? आणि यकृत आपले काम करीत आहे का? यांपैकी शेवटचा प्रश्न रुग्णाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा असतो. पण त्याचे उत्तर देणारे आकडे बहुधा लहान असतात आणि दुर्लक्षित राहतात.

## बिलिरुबिन : पिवळेपणाचा आकडा

तांबड्या रक्तपेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते. जुन्या पेशी मुख्यतः प्लीहेत मोडल्या जातात आणि त्यांतील लाल रंगद्रव्यापासून बिलिरुबिन हा पिवळा पदार्थ तयार होतो. हे निरोगी माणसाच्या शरीरातही रोज घडते. म्हणजे बिलिरुबिन हे बाहेरून आलेले विष नव्हे; ते शरीराचाच रोजचा टाकाऊ रंग आहे. हळद किंवा पिवळे पदार्थ खाल्ल्याने ते वाढत नाही.

हा रंग पाण्यात विरघळत नाही. रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून तो यकृतापर्यंत पोहोचतो. यकृतपेशी त्याला ग्लुकुरोनिक आम्लाची जोड देतात आणि त्यामुळे तो पाण्यात विरघळू लागतो. मग तो पित्तरसात मिसळतो, पित्तनलिकेतून लहान आतड्यात उतरतो आणि तेथून शौचावाटे बाहेर पडतो. शौचाचा नेहमीचा तपकिरी रंग याच पदार्थापासून आलेला असतो.

प्रौढांमध्ये एकूण बिलिरुबिन साधारणतः १.२ मि.ग्रॅ. प्रति डेसिलिटरपर्यंत असते. ते २.५ ते ३ च्या पुढे गेले की डोळ्यांच्या पांढऱ्या भागात पिवळेपणा दिसू लागतो.

### 'डायरेक्ट' आणि 'इनडायरेक्ट'

अहवालात एकूण बिलिरुबिनाखाली 'डायरेक्ट' आणि 'इनडायरेक्ट' असे दोन भाग दाखवलेले असतात. ही नावे रोगावरून पडलेली नसून प्रयोगशाळेतील कृतीवरून पडली आहेत. डच वैद्य हाइमान्स व्हान डेन बर्ग यांनी १९१६ साली असे दाखवून दिले की, काही रुग्णांच्या रक्तद्रवात रंग आणणारे अभिकर्मक घालताच थेट रंग येतो, तर काहींमध्ये तो अल्कोहोल मिसळल्यावरच येतो. थेट रंग देणारे ते 'डायरेक्ट', म्हणजे यकृताने प्रक्रिया केलेले आणि पाण्यात विरघळणारे बिलिरुबिन. दुसरे 'इनडायरेक्ट', म्हणजे अद्याप प्रक्रिया न झालेले. आज पद्धती बदलल्या असल्या तरी नावे टिकून आहेत. प्रयोगशाळा सहसा एकूण आणि डायरेक्ट बिलिरुबिन मोजते आणि वजाबाकी करून इनडायरेक्टचा आकडा काढते.

रुग्णाला हा भेद असा सांगता येतो : इनडायरेक्ट म्हणजे यकृतात जाण्यापूर्वीचा रंग आणि डायरेक्ट म्हणजे यकृतातून गेल्यानंतरचा रंग. इनडायरेक्ट वाढले असेल तर रक्तपेशी प्रमाणाबाहेर मोडत आहेत किंवा यकृत तो रंग पुरेसा उचलत नाही. डायरेक्ट वाढले असेल तर यकृताने रंगावर प्रक्रिया केली आहे, परंतु तो पित्तरसावाटे बाहेर न पडता रक्तात परतत आहे.

हा भेद रुग्णाला घरीही दिसतो. केवळ पाण्यात विरघळणारे बिलिरुबिनच मूत्रपिंडातून बाहेर पडू शकते. त्यामुळे डायरेक्ट वाढले की लघवी गडद चहासारखी होते. इनडायरेक्ट वाढलेल्या काविळीत डोळे पिवळे असूनही लघवीत बिलिरुबिन उतरत नाही. पित्तरस आतड्यात पोहोचतच नसेल तर शौचाचा रंग जाऊन ते मातकट पांढरे होते.

उपवास किंवा आजारपणानंतर एकूण बिलिरुबिन २ ते ३ पर्यंत जाणे, त्यात बहुतांश भाग इनडायरेक्ट असणे आणि बाकी सर्व आकडे व हिमोग्लोबिन योग्य असणे, असे चित्र काही निरोगी व्यक्तींमध्ये वारंवार आढळते. त्याला 'गिल्बर्ट सिंड्रोम' म्हणतात. ही जन्मजात ठेवण असून तिला उपचार लागत नाहीत.

## अल्कलाईन फॉस्फटेज : वाट अडल्याची खूण

अल्कलाईन फॉस्फटेज हे एक विकर आहे. एखाद्या रेणूला जोडलेला फॉस्फेट गट सोडवणे हे त्याचे काम. ते अल्कधर्मी माध्यमात सर्वाधिक क्रियाशील असते, म्हणून हे नाव पडले. यावरून काही रुग्णांचा असा समज होतो की शरीरातील 'अल्कली' वाढली आहे आणि त्यासाठी आहारात आंबट पदार्थ घ्यावेत किंवा टाळावेत. या नावाचा आहाराशी किंवा पोटातील आम्लाशी काहीही संबंध नाही.

यकृतात हे विकर पित्तरस वाहून नेणाऱ्या सूक्ष्म वाटांच्या कडेच्या आवरणात असते. पित्तरस तुंबला की त्या पेशी हे विकर अधिक प्रमाणात तयार करतात आणि ते रक्तात उतरते. त्यामुळे वाढलेला आकडा 'पेशी मोडल्या' असे न सांगता 'पित्तरस तुंबला आहे' असे सांगतो. ही वाढ होण्यास एक-दोन दिवस लागतात. म्हणून वाट नुकतीच अडली असेल तर पहिल्या दिवशी आकडा फसवा ठरू शकतो.

हेच विकर हाडांत आणि गर्भवतीच्या वारेतही असते. त्यामुळे वाढत्या वयातील मुले, गर्भारपणाचे शेवटचे तीन महिने, हाड मोडून जुळण्याचा काळ किंवा 'ड' जीवनसत्त्वाच्या अभावाने हाडे मऊ होणे, अशा स्थितीत यकृत उत्तम असतानाही आकडा वाढलेला असतो. शंका असल्यास जीजीटी या दुसऱ्या विकराचा आकडा पाहतात. ते हाडांत नसते. दोन्ही वाढले असतील तर अल्कलाईन फॉस्फटेज यकृताकडूनच आले आहे असे समजतात.

## एसजीपीटी आणि एसजीओटी : पेशींची इजा

ही दोन विकरे यकृतपेशींच्या आत असतात. काही अहवालांत त्यांना अनुक्रमे एएलटी आणि एएसटी म्हटलेले असते. पेशींना इजा झाली की ती रक्तात झिरपतात. विषाणूजन्य काविळीत एसजीपीटी हजाराच्या पुढे जाणे नेहमीचे आहे आणि असे बहुसंख्य रुग्ण पूर्ण बरे होतात. एसजीओटी हृदय व स्नायूंमध्येही असते. एसजीपीटी अधिक प्रमाणात यकृताचीच खूण मानतात.

या आकड्यांवरून इजा चालू आहे एवढे कळते; यकृत किती काम करीत आहे हे कळत नाही. एसजीपीटी झपाट्याने उतरत असताना बिलिरुबिन आणि रक्त गोठण्याची वेळ वाढत असेल, तर ती सुधारणा नव्हे. झिरपण्यासाठी शाबूत पेशीच उरलेल्या नाहीत, असा त्याचा अर्थ असू शकतो. म्हणून केवळ 'एसजीपीटी कमी झाले' हे ऐकून निश्चिंत होणे चुकीचे ठरते.

## अल्ब्युमिन आणि प्रोथ्रॉम्बिन काल : यकृताचे खरे काम

अल्ब्युमिन हे प्रथिन यकृतच तयार करते. त्याचे रक्तातील अर्धायुष्य सुमारे तीन आठवड्यांचे असल्यामुळे अल्पकाळाच्या आजारात ते फारसे बदलत नाही. काविळीच्या पहिल्याच आठवड्यात ते कमी आढळले, तर दुखणे जुने असण्याची शक्यता विचारात घेतली जाते. कुपोषण, दीर्घ संसर्ग किंवा लघवीतून प्रथिने जाणे यांमुळेही ते कमी होऊ शकते.

रक्त गोठवणारे घटकही बहुतांशी यकृतच तयार करते आणि त्यांपैकी काही घटक काही तासांत संपतात. त्यामुळे प्रोथ्रॉम्बिन काल ही यकृताच्या आजच्या कामाची कसोटी मानली जाते. तिचा निकाल 'आयएनआर' या गुणोत्तरात देतात. रक्त पातळ करणारी औषधे न घेणाऱ्या व्यक्तीत ते १ च्या आसपास असते. ही तपासणी एलएफटीच्या नेहमीच्या गटात असतेच असे नाही. ती वेगळी सांगावी लागते.

## एका अहवालाचे वाचन

खालील अहवाल उदाहरणादाखल तयार केलेला आहे. चोपन्न वर्षांच्या एका स्त्रीच्या पोटात उजवीकडे वरच्या बाजूला अधूनमधून कळ येते. आठवड्यापासून डोळे पिवळे, लघवी गडद, शौच फिके आणि अंगाला खाज आहे. ताप नाही.

| तपासणी | आकडा | संदर्भ मर्यादा |
|---|---|---|
| एकूण बिलिरुबिन | ७.२ | १.२ पर्यंत |
| डायरेक्ट बिलिरुबिन | ५.६ | ०.३ पर्यंत |
| एसजीपीटी | १३० | ४० पर्यंत |
| अल्कलाईन फॉस्फटेज | ५२० | १३० पर्यंत |
| जीजीटी | ३९० | ५० पर्यंत |
| अल्ब्युमिन | ३.९ | ३.५ ते ५.० |
| आयएनआर | १.५ | सुमारे १ |

प्रथम बिलिरुबिन पाहावे. ७.२ पैकी ५.६ डायरेक्ट आहे. म्हणजे यकृताने रंगावर प्रक्रिया केली आहे, पण तो बाहेर पडत नाही. गडद लघवी आणि फिके शौच याच्याशी जुळतात.

त्यानंतर वाट आणि पेशी यांची तुलना करावी. दोन विकरांचे आकडे सरळ ताडून पाहता येत नाहीत, कारण त्यांच्या मर्यादा वेगळ्या आहेत. म्हणून प्रत्येक आकडा आपल्या वरच्या मर्यादेच्या किती पट आहे ते काढतात. एसजीपीटी १३० भागिले ४०, म्हणजे ३.२५ पट. अल्कलाईन फॉस्फटेज ५२० भागिले १३०, म्हणजे ४ पट. पहिल्या पटीला दुसरीने भागल्यास सुमारे ०.८ येते. हे गुणोत्तर २ पेक्षा कमी असल्यास पित्तरस तुंबल्याचे चित्र, ५ पेक्षा अधिक असल्यास पेशींच्या इजेचे चित्र आणि मधले असल्यास मिश्र चित्र मानतात. येथे चित्र तुंबलेल्या पित्तरसाचे आहे. जीजीटीही वाढलेले असल्याने हाडांचा प्रश्न उरत नाही.

आता अशीच कल्पना करावी की दुसऱ्या एका तरुण रुग्णाचे बिलिरुबिनही ७.२ आहे, पण एसजीपीटी १६४० आणि अल्कलाईन फॉस्फटेज १७० आहे. त्याचे गुणोत्तर ३१ च्या आसपास येते. डोळ्यांचा पिवळेपणा दोघांचा सारखाच. परंतु एकाची वाट अडली आहे, तर दुसऱ्याच्या पेशींना बहुधा विषाणूमुळे इजा झाली आहे. पहिल्या रुग्णाला अडथळा शोधून काढावा लागतो; दुसऱ्याला विश्रांती, पुरेसे अन्न आणि देखरेख बहुधा पुरते. रंगावरून काविळीचा प्रकार ओळखता येत नाही तो यामुळेच.

शेवटी त्या स्त्रीचे अल्ब्युमिन उत्तम असूनही आयएनआर १.५ का, हा प्रश्न उरतो. रक्त गोठवणारे काही घटक तयार करण्यासाठी यकृताला 'के' जीवनसत्त्व लागते आणि ते आतड्यातून शोषले जाण्यासाठी पित्तरस लागतो. पित्तरस आतड्यात पोहोचत नसल्यामुळे यकृत सक्षम असूनही कच्च्या मालाअभावी घटक कमी पडतात. 'के' जीवनसत्त्वाचे इंजेक्शन दिल्यावर आयएनआर एक-दोन दिवसांत पूर्ववत झाले, तर यकृत काम करीत आहे हे सिद्ध होते. तसे झाले नाही, तर यकृतपेशींच्या कार्याबद्दल चिंता वाढते.

वाट कशाने अडली आहे, हे मात्र हा अहवाल सांगू शकत नाही. तो पित्तखडा असू शकतो, स्वादुपिंडाच्या टोकाची गाठ असू शकते किंवा एखाद्या औषधामुळे यकृतातील सूक्ष्म वाटा तुंबलेल्या असू शकतात. त्यासाठी प्रथम सोनोग्राफी करतात. मोठी पित्तनलिका फुगलेली दिसली तर अडथळा यकृताबाहेर आहे असे समजते. नलिकेच्या खालच्या टोकाचा खडा आतड्यातील वायूमुळे सोनोग्राफीत दिसत नाही, असे पुष्कळदा घडते. तेव्हा एमआरसीपी हे चुंबकीय चित्रण करतात. खडा आढळल्यास तो तोंडावाटे दुर्बीण घालून काढता येतो. त्या प्रक्रियेला ईआरसीपी म्हणतात. खडा सरकताना पहिल्या दिवशी एसजीपीटीही अनेक पटींनी वाढू शकते, म्हणून गुणोत्तर हा अंतिम निर्णय नसून शोधाची दिशा होय.

## साध्या शब्दांत सांगताना

रुग्णाशी बोलताना काही प्रचलित शब्द घोटाळा करतात. त्यांतील पहिला 'पित्त'. मराठी बोलीत 'पित्त झाले' याचा अर्थ छातीत जळजळ, आंबट ढेकर किंवा डोकेदुखी असा घेतला जातो. काविळीच्या रुग्णाला 'पित्त अडले आहे' असे सांगितल्यास तो आम्लपित्ताची गोळी घेऊन स्वस्थ बसण्याची शक्यता असते. 'यकृतातून आतड्यात उतरणारा पित्तरस' असे पूर्ण म्हणणे योग्य.

दुसरा शब्द 'काळीज'. काही भागांत तो यकृतासाठी वापरतात, पण बहुतेकांच्या मनात त्याचा अर्थ हृदय असा असतो. 'यकृत' किंवा सरळ 'लिव्हर' हा शब्द अधिक सुरक्षित आहे. तिसरा घोटाळा 'फंक्शन टेस्ट खराब आली' या वाक्याचा. रुग्ण त्यावरून यकृत निकामी झाले असे समजतो. वरील उदाहरणात अनेक आकडे वाढलेले असूनही यकृताचे काम शाबूत आहे.

वरील स्त्रीला अहवाल असा सांगता येईल : "ताई, रक्तातला पिवळा रंग वाढला आहे, म्हणून डोळे पिवळे दिसतात. तुमचं लिव्हर तो रंग बाहेर टाकायला तयार करतंय, पण जायची वाट कुठेतरी अडली आहे. म्हणून तो लघवीतून जातोय आणि शौच फिकं होतंय. लिव्हरची ताकद सध्या ठीक दिसते. रक्त गोठायला थोडा वेळ लागतोय, त्यासाठी इंजेक्शन देऊ. वाट कशानं अडली ते सोनोग्राफीत बघू. मध्येच थंडी वाजून ताप आला, तर सकाळची वाट न पाहता लगेच या."

या निवेदनात एकही विकराचे नाव नाही, तरी अहवालातील प्रत्येक महत्त्वाची गोष्ट आली आहे. अडथळा खड्याचाच असेल किंवा 'काही काळजी नाही' असे आश्वासनही त्यात नाही, कारण ते अहवालावरून सांगता येत नाही.

## आकडे उतरण्याचा क्रम

अडथळा दूर झाल्यावर सर्व आकडे एकाच वेगाने उतरत नाहीत. लघवीचा रंग व खाज सर्वांत आधी सुधारतात. अल्कलाईन फॉस्फटेजचे रक्तातील अर्धायुष्य सुमारे आठवडाभराचे असल्याने ते सावकाश उतरते.

डोळ्यांचा पिवळेपणा मात्र लघवी स्वच्छ झाल्यानंतरही काही आठवडे टिकू शकतो. कावीळ लांबलेली असल्यास डायरेक्ट बिलिरुबिनाचा काही भाग अल्ब्युमिनशी कायमचा जोडला जातो. त्याला 'डेल्टा बिलिरुबिन' म्हणतात. हा भाग मूत्रपिंडातून गाळला जात नाही आणि ते अल्ब्युमिन संपेपर्यंत, म्हणजे दोन ते तीन आठवड्यांच्या अर्धायुष्याने, रक्तात राहतो. याच काळात 'औषधाने कावीळ उतरत नाही' असे वाटून अनेक रुग्ण कावीळ उतरवणाऱ्याकडे किंवा नाकात थेंब घालणाऱ्याकडे वळतात. लघवी स्वच्छ, भूक परतलेली आणि आकडे उतरते असतील तर उरलेला पिवळेपणा हा मागे राहिलेला रंग असतो.

## तातडीची लक्षणे

पुढील लक्षणे अहवालातील कोणत्याही आकड्यापेक्षा महत्त्वाची मानली जातात आणि ती दिसताच रुग्णालयात जाणे आवश्यक असते.

* थंडी वाजून ताप : तुंबलेल्या पित्तरसात जंतुसंसर्ग झाल्याची ही खूण असू शकते. असा संसर्ग काही तासांत रक्तात पसरू शकतो.
* गुंगी, असंबद्ध बोलणे, दिवसा झोप व रात्री जाग : यकृत निकामी होत असल्याचा परिणाम मेंदूवर झाल्याचे हे लक्षण असू शकते.
* हिरड्यांतून रक्त, अंगावर काळेनिळे डाग किंवा काळे शौच : रक्त गोठण्याची क्रिया बिघडल्याची अथवा पोटात रक्तस्राव होत असल्याची शक्यता असते.
* गर्भारपणातील कावीळ : विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत हिपॅटायटिस ई हा विषाणू आईच्या जिवाला धोकादायक ठरू शकतो.

वेदना नसताना उतारवयात हळूहळू वाढत जाणारी कावीळ, भूक मंदावणे आणि वजन घटणे, हे चित्र ताप नसला तरी लांबणीवर टाकण्यासारखे नसते. त्यात स्वादुपिंडाची किंवा पित्तनलिकेची गाठ तपासून पाहावी लागते.